ताड की डोंगर?

वेल्ह्याच्या एका वाडीत, समाजमंदिराच्या फरशीवर, रोज पहाटे योगाचा वर्ग भरतो. चालवणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. वर्गाला येणारी माणसं गावातलीच, पण सुट्टीत त्यांची नातवंडं येतात, काही पुण्याहून, काही थेट परदेशातून. त्या मुलांना मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. म्हणून बाईंनी आपली सोळा पानांची मराठी पुस्तिका इंग्रजीत करून देण्याचं काम माझ्यावर टाकलं. मी भोरला राहतो आणि भाषांतरावर पोट भरतो. करारनामे आणि औषधांच्या चिठ्ठ्यांवर हात बसलेला. आसनांची पुस्तिका म्हणजे चार दिवसांचं काम, असं मी मनात धरलं होतं.

पहिलंच आसन ताडासन. मी ‘माउंटन पोझ’ लिहिलं आणि पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीहून आलेल्या एका मुलीने माझा कागद वाचला आणि दोन्ही हात मांड्यांशी ठेवून ताठ उभी राहिली. बाकीचा वर्ग बोटं एकमेकांत गुंफून, हात डोक्यावर ताणून, टाचा उचलून चवड्यांवर उभा. बाई तिला म्हणाल्या, “अगं, हात वर कर की.” ती म्हणाली, “बाई, माउंटन पोझमध्ये हात खालीच असतात. आमच्याकडे तसंच शिकवतात.”

चूक मुलीची नव्हती, बाईंचीही नव्हती. संस्कृत कोशांत ताड शब्दाला डोंगर हा अर्थ दिलेला सापडतो. आपल्या मराठी कानाला मात्र ताड म्हटलं की झाडच दिसतं. उंच माणसाला आपण ताडमाड म्हणतो ते डोंगरावरून नव्हे. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने योग दिनासाठी जो सामायिक अभ्यासक्रम काढला, त्यात ताडासनाचं इंग्रजी नाव ताडवृक्षावरून आहे, आणि कृती बाईंच्या वर्गासारखीच, म्हणजे हात वर आणि टाचा वर. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी ताड म्हणजे डोंगर असा अर्थ दिला. जगभरच्या वर्गांत ‘माउंटन’ रूढ व्हायला त्यांच्या पुस्तकाचा मोठा हातभार लागला. म्हणजे एकच संस्कृत नाव, दोन वेगळ्या कृती आणि दोन इंग्रजी नावं, आणि चौघंही आपापल्या घरी बरोबर.

गंमत पुढेच आहे. अय्यंगारांचं ते पान नीट वाचलं तर दिसतं, की खरं म्हणजे हात डोक्यावर ताणायचे, पण सोयीसाठी मांड्यांशी ठेवले तरी चालतील, असं त्यांनी स्वतःच म्हटलेलं आहे. सोयीसाठी दिलेली ती सवलत पुढे इतकी पसरली की डोंगर म्हणजे हात खाली हेच पक्कं झालं. भाषांतरकाराने नुसतं नाव पाहिलं तर हे कधीच कळणार नाही. शरीर काय करतं ते आधी पाहावं लागतं. त्या दिवसापासून मी कागद बाजूला ठेवून आधी वर्गात बसायला लागलो.

वेल्ह्यात बसून डोंगर हा शब्द सुचणं साहजिकही होतं म्हणा. समाजमंदिराच्या दारातून समोर तोरणा दिसतो, आणि ताडामाडांचा मुलूख पाहायचा तर भोरवरून वरंध घाट उतरून खाली कोकणात जावं लागतं. पण माझ्या खिडकीतून काय दिसतं यावर बाईंच्या आसनाचं नाव ठरू नये. शेवटी मी पानावर मोठ्या अक्षरांत फक्त ‘ताडासन’ ठेवलं, रोमन लिपीत, आणि खाली साध्या इंग्रजीत लिहिलं: ताडाच्या झाडासारखं उभं राहणं, हात वर, टाचा वर. शिवाय एक ओळ, की याच नावाने हात खाली ठेवून करायचा प्रकारही शिकवला जातो.

नाव तसंच ठेवायचं की त्याला इंग्रजी नाव द्यायचं, हा वाद आपल्याच जिल्ह्यात चांगला शंभर वर्षं जुना आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केलं. योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायच्या आणि निष्कर्ष जगापुढे ठेवायचे, असा त्यांचा बेत. त्यामुळे प्रत्येक आसनाला इंग्रजी नाव हवंच होतं. भुजंगासन, हलासन, धनुरासन यांची नावं सरळ वळली, कारण नाग, नांगर आणि धनुष्य सगळ्यांना माहीत. सर्वांगासनाला त्यांनी नाव दिलं ‘पॅन-फिजिकल पोझ’. आज ते ऐकून कुणालाही हसू येईल. आज सगळे ‘शोल्डर स्टँड’ म्हणतात. पण थांबून पाहिलं तर कुवलयानंदांचं नाव संस्कृत शब्दाला जास्त धरून आहे. सर्व अंगांचं आसन, खांद्याचा त्यात उल्लेखच नाही. ‘शोल्डर स्टँड’ शरीराचा भार कुठे आहे ते सांगतं, आसन कशासाठी आहे ते सांगत नाही. आणि भाराबद्दलसुद्धा ते अर्धवटच सांगतं, कारण नवखा माणूस खांद्याऐवजी मानेवर भार घेतो आणि त्या नावात त्याला सावध करणारं काही नाही.

अय्यंगारांचा मार्ग वेगळा. म्हैसूरहून ते १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला आले आणि पुढे पुण्याचेच झाले. त्यांचं ‘लाइट ऑन योगा’ १९६६ मध्ये लंडनहून निघालं, प्रस्तावना व्हायोलिनवादक यहूदी मेन्युहिन यांची. वाचक इंग्रजी, प्रकाशक इंग्रजी, तरी आसनांचे मथळे संस्कृतच. मथळ्याखाली शब्द फोडून अर्थ दिलेला आणि मग कृती. नावाला नावासारखं राहू दिलं आणि अर्थाचं काम वेगळ्या वाक्याकडे सोपवलं. मला ही पद्धत पटते. पदार्थाचं नाव पुरणपोळीच ठेवावं आणि आत काय असतं ते खाली लिहावं, तसं.

खुद्द ‘आसन’ या शब्दाला मात्र ‘पोझ’ फारसं मानवत नाही. आपल्या घरात आसन म्हणजे पूजेला बसायचं लोकरी किंवा दर्भाचं छोटं बसकर. मूळ धातू ‘आस्’, बसणं. पतंजलींच्या सूत्रात आसनाबद्दल एवढीच अपेक्षा आहे की ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. तिथे शीर्षासन नाही, मयूरासनही नाही. ‘हठप्रदीपिके’त पंधरा आसनं येतात, ‘घेरंडसंहिते’त बत्तीस, आणि त्यांतली बरीच बसूनच करायची. ‘पोझ’ म्हटलं की समोर कॅमेरा उभा राहतो. मी जिथे करता आलं तिथे ‘आसन’च ठेवलं, आणि पुस्तिकेत पहिल्यांदा जिथे ते आलं तिथे ‘बसणं किंवा शरीर एका ठेवणीत स्थिर ठेवणं’ अशा अर्थाचं वाक्य दिलं. मात्र रोमन लिपीत लिहिलं की एक भलतीच अडचण येते. खुणांशिवायच्या त्या पाच अक्षरांत आसन, अशन म्हणजे जेवण, आणि असन नावाचं झाड, तिन्ही मावतात.

रोमन लिपीची हीच खोड प्राणायामात खरा घोटाळा करते. बाईंच्या मराठी पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘प्राणायाम म्हणजे प्राणाचं नियमन.’ इंग्रजीत सर्रास ‘ब्रेथ कंट्रोल’ म्हणतात, त्याचं मराठी. कंट्रोल हा अर्थ येतो ‘यम’ या फोडीतून: प्राण अधिक यम. पण तसं असतं तर शब्द झाला असता ‘प्राणयम’. आपण म्हणतो प्राणायाम, ‘णा’ला काना आणि ‘या’लाही काना. तो काना ‘आयाम’चा आहे. आयाम म्हणजे लांबी, विस्तार, ताणून लांब करणं. देवनागरीत हा पुरावा दोन कान्यांच्या रूपाने डोळ्यांसमोर असतो. रोमनमध्ये सगळे ‘अ’ आणि ‘आ’ एकसारखे दिसतात, आणि म्हणून प्राण अधिक यम ही फोड इंग्रजी पुस्तकांतून बिनबोभाट चालते. यम आणि आयाम दोन्ही एकाच ‘यम्’ धातूचे, त्यामुळे आवरण्याची छटा आयामातही आहे हे खरं. अय्यंगारांनी दोन्ही छटा सांगितल्या आहेत. पण पहिली छटा लांबवण्याची आहे, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. ‘श्वास आवरा’ म्हटलं की माणूस गळा आवळतो. ‘श्वास लांबवा’ म्हटलं की त्याचे खांदे खाली येतात. मी वर्गात दोन्ही सूचना देऊन पाहिल्या, तेव्हा समोरच्या रांगेतल्या माणसांच्या खांद्यांनीच निकाल दिला.

प्राण म्हणजे ऑक्सिजन, हे भाषांतर तर मुळीच करू नये. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासातही ९५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं. संथ श्वासाने त्यात भर घालायला जागाच फार थोडी. कुवलयानंदांनीही श्वासातल्या वायूंची मोजणी करून हेच मांडलं की प्राणायामाचं मर्म जास्तीचा ऑक्सिजन मिळवण्यात नाही. हे म्हणणारा माणूस योगाचा विरोधक नव्हता, योगाची प्रयोगशाळा काढणारा होता. तरी ‘भरपूर ऑक्सिजन मिळतो’ हे वाक्य आजही वर्गावर्गांत ऐकू येतं. बाईंच्या पुस्तिकेतही होतं. मी ते काढून टाकू का म्हणून विचारलं, तर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “काढा. पण मग काय मिळतं ते लिहा.” मी लिहिलं, की श्वास संथ होतो आणि मन त्याच्या मागे जातं. हे निदान खोटं नाही.

पूरक, कुंभक, रेचक या तीन शब्दांत मराठी माणसाला आणखी एक खड्डा आहे. रेचक म्हणजे आपल्याकडे एरंडेल. वर्गातल्या एका आजींनी पहिल्या दिवशी ‘आता रेचक’ ऐकून सरळ उठायची तयारी केली होती. शब्द मात्र बरोबर आहे: रिकामं करणं. पूरक म्हणजे भरणं, कुंभक म्हणजे घड्यासारखं भरून राहणं. इंग्रजीत कुंभकाला ‘होल्ड युअर ब्रेथ’ म्हटलं की पोहायला उडी मारण्यापूर्वी आपण करतो तसं होतं: गाल फुगतात, कपाळाला आठ्या पडतात. घडा काही पाणी धरून ठेवायला धडपडत नाही. म्हणून मी लिहिलं: भरून घ्या आणि थोडं तसंच राहा. कुंभक जास्त झाला की काय, हे ओळखायची जुनी आणि बिनखर्चाची खूण म्हणजे त्यानंतरचा रेचक. तो संथ न जाता भसकन गेला, तर आधीचा कुंभक झेपलेला नाही. ज्यांना रक्तदाब आहे, हृदयाचा त्रास आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी कुंभक करू नये ही ओळ बाईंच्या पुस्तिकेत तळटीप म्हणून होती. ती मी वर आणून पहिल्या ओळीत बसवली. भाषांतरकाराचं हे काम नव्हे असं कुणी म्हणेल, म्हणो.

इथेच मी एक अपघात होता होता वाचवला. पुस्तिकेत अनुभवी साधकांसाठी ‘१६, ६४, ३२ मात्रा’ असं प्रमाण दिलेलं होतं. ‘घेरंडसंहिते’त हे आकडे येतात: सोळा मात्रा पूरक, चौसष्ट कुंभक, बत्तीस रेचक. माझ्या पहिल्या मसुद्यात मात्रा म्हणजे सेकंद झाल्या होत्या. म्हणजे शिकाऊ मुलीला मी चौसष्ट सेकंद श्वास रोखायला सांगत होतो! मात्रा हे काळाचं माप खरं, पण घड्याळाचं नव्हे. हाताने गुडघ्याभोवती फेरी मारून चुटकी वाजवायला लागेल तेवढा वेळ, अशा तऱ्हेने ग्रंथांत ती सांगितलेली असते, आणि ग्रंथागणिक ती बदलते. नेमकं आहे ते फक्त प्रमाण, एकास चार आणि दोन. हे सगळं मी बाईंना सांगितलं आणि आम्ही ते आकडे पुस्तिकेतून काढूनच टाकले. सुरुवात करणाऱ्याला कुंभक नकोच. पूरकाच्या दुप्पट रेचक, एवढंच ठेवलं. चार आकड्यांत श्वास आत, आठ आकड्यांत बाहेर, आणि आठ जमत नसतील तर तीन आणि सहा.

आता दृष्टी. या एका शब्दाने माझे दोन आठवडे खाल्ले. बाईंचं वाक्य असं होतं: ‘पद्मासनात बसून नासाग्र दृष्टी ठेवावी.’ नासाग्र म्हणजे नाकाचं टोक. मी लिहिलं ‘फोकस ऑन द टिप ऑफ युअर नोज’. व्याकरण निर्दोष, शब्दाला शब्द. लिहून झाल्यावर स्वतः करून पाहिलं, आणि दहाव्या सेकंदाला कपाळ ठणकायला लागलं.

कारण साधं आहे. नाकाचं टोक डोळ्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवर असतं. इतक्या जवळचं स्पष्ट पाहण्याची डोळ्याच्या भिंगाची ताकद दहा वर्षांच्या मुलातही पुरी पडत नाही. त्याला साधारण सात सेंटिमीटरच्या अलीकडचं धूसरच दिसतं. पंचेचाळिशीत हेच अंतर पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास जातं, म्हणून तर आपण वर्तमानपत्र लांब धरतो. म्हणजे नाकाच्या टोकावर ‘फोकस’ करा ही आज्ञा कुठलाही प्रौढ माणूस पाळूच शकत नाही. पाळायचा प्रयत्न करतो आणि डोळे ताणतो. डोळे आत वळणं आणि स्पष्ट दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दृष्टी या शब्दात पहिली अभिप्रेत आहे, ‘फोकस’ने दुसरी मागितली.

जुन्यांना हे ठाऊक असावं. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसलेल्याने आपल्या नाकाच्या टोकाकडे पाहावं असं येतं. त्यावर भाष्य करताना शंकराचार्य थांबतात आणि म्हणतात, की इथे ‘जणू’ हा शब्द गृहीत धरायचा. नाकाचं टोक पाहणं हा हेतू नाही. डोळे इकडेतिकडे धावायचे थांबावेत हा हेतू आहे. मूळ श्लोकात नसलेला एक शब्द भाष्यकाराने घातला, आणि तोच नेमका शिकणाऱ्याचे डोळे वाचवणारा आहे. भाषांतरकाराला याहून चांगला वकील कुठे मिळणार?

कुवलयानंदांनी नासाग्र दृष्टीला इंग्रजीत ‘नेझल गेझ’ म्हटलं आणि भ्रूमध्य दृष्टीला ‘फ्रंटल गेझ’. ‘गेझ’ हा शब्द मला ‘फोकस’पेक्षा पुष्कळ बरा वाटतो, कारण त्यात टक आहे, पण स्पष्ट दिसण्याची अट नाही. तरी त्यालाही टक लावण्याचा थोडा ताठरपणा चिकटलेला आहेच. म्हैसूरच्या पट्टाभि जोइसांच्या परंपरेत नऊ दृष्टी सांगतात: नासाग्र, भ्रूमध्य, नाभी, हाताचं टोक, पायाची बोटं, आणि अशाच आणखी. त्या वर्गांत दृष्टी हा शब्द भाषांतराविना तसाच वापरतात, आणि प्रत्येक आसनाची दृष्टी ठरलेली असते. तिथे शब्दाचं काम मानेची दिशा ठरवण्याचंही आहे. पुढच्या हाताकडे पाहायचं म्हटलं की मान आपोआप वळते. दुखऱ्या मानेच्या माणसाला मग ‘दृष्टी’ बदलून द्यावी लागते, आसन नव्हे.

मी बाईंना म्हटलं, “तुम्ही करून दाखवा, मी बघून लिहितो.” त्यांनी डोळे अर्धे मिटले, नजर खाली सोडली आणि बसल्या. कपाळावर एक रेष उमटली नाही. मग म्हणाल्या, “नाकाच्या दोन बाजू दिसतात ना, धुरकट? त्या खाली एकत्र येतात. तेवढं दिसलं की झालं. नाक बघायचं नाही.” प्रत्येक डोळ्याला नाकाची आपल्या बाजूची कड दिसते आणि डोळे जवळ वळले की त्या दोन कडा खाली मिळतात. हेच हवं होतं मला. करणाऱ्याला स्वतःच तपासता येईल अशी खूण. दोन कडा मिळालेल्या दिसतात आणि कपाळ मोकळं आहे, म्हणजे बरोबर. कपाळ आवळलं किंवा डोक्यात ठणका आला, म्हणजे सोडून द्यायचं.

दृष्टी शब्द मी रोमनमध्ये ठेवला, पण मागच्या रांगेतल्या आजींमुळे त्यावरही एक ओळ लिहावी लागली. त्यांच्या नातीने घरी जाऊन सांगितलं होतं की आज आम्ही दृष्टी शिकलो, आणि आजींनी लगेच मीठ-मोहरी काढली होती. मराठी घरात वाढलेल्या इंग्रजी मुलांना हा शब्द दृष्ट काढण्यातूनच भेटलेला असतो, हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं.

पुस्तिका छापायला जाण्यापूर्वी मी एक चाचणी घेतली. न्यू जर्सीच्या त्याच मुलीला दृष्टीचं इंग्रजी पान वाचायला दिलं आणि म्हटलं, आजीला मराठीत सांग. ती अडखळत म्हणाली, “आजी, डोळे अर्धे बंद कर. नाकाच्या दोन्ही साइडा खाली भेटताना दिसतील. नाक बघायचं नाही. दुखलं तर सोडून दे.” आजी बसल्या. बाई त्यांच्या कपाळाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मराठी पुस्तिकेतही आता हेच घाला.”

दुसऱ्या आवृत्तीत नासाग्र शब्दाखाली त्या मुलीचं वाक्य आहे, फक्त ‘साइडा’च्या जागी ‘कडा’ असं.